बाटलीतलं पाणी जातं कुठं

मानवतच्या दवाखान्यात पेशंटचा माणूस आजाराचं नाव नंतर विचारतो. आधी विचारतो, "बाटली लावली का?" स्टँडला टांगलेलं काहीही सलाईनच, आणि त्यातही लोकांनी दोन वाटण्या केलेल्या आहेत: एक साधी बाटली आणि दुसरी गुलकोजची. साधी म्हणजे नुसतं मिठाचं पाणी, तिची किंमत कमी. गुलकोजची म्हणजे शक्तीची. तिच्यात मल्टिव्हिटॅमिनचं इंजेक्शन सोडलं की ती पिवळी होते, आणि पिवळी झाली की पेशंट अर्धा तिथंच बरा होतो. मी या गावात परिचारिका म्हणून काम केलं, आधी प्रसूतिगृहात आणि नंतर जनरल वॉर्डात, आणि या पिवळ्या बाटलीसाठी माझ्याशी हुज्जत घालणारे लोक मला कापसाच्या हंगामातही भेटले, लग्नसराईतही भेटले.

दोन्ही बाटल्या हातात घेतल्या तर फरक कळत नाही. तेच प्लास्टिक, तेच ५०० मिली, दोन्हींतलं पाणी सारखंच नितळ. फरक लेबलवर. एकीवर सोडियम क्लोराईड ०.९ टक्के, म्हणजे अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम मीठ. दुसरीवर डेक्स्ट्रोज ५ टक्के, म्हणजे अर्ध्या लिटरला २५ ग्रॅम साखर. शक्तीचं म्हणाल तर २५ ग्रॅम साखरेतून शंभर कॅलरीही निघत नाहीत. ज्वारीची एक भाकरी त्याहून जास्त देते, आणि तिला सुई लागत नाही.

मग ती साखर बाटलीत घातलीय कशाला? खायला म्हणून नाही. नुसतं पाणी शिरेत सोडता येत नाही, म्हणून घातलीय.

हे मला पुस्तकातून कळलं होतं, पण पटलं ते आमच्या लॅबमध्ये. एएनएमच्या मुली शिकायला आल्या होत्या, त्यांना दाखवायला म्हणून आमच्या लॅबवाल्याने तीन परीक्षानळ्या मांडल्या. पहिलीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत नॉर्मल सलाईन, तिसरीत ५ टक्के डेक्स्ट्रोज. प्रत्येकीत रक्ताचे दोन-दोन थेंब टाकले आणि नळ्या हलवल्या. नळ्यांच्या मागे वर्तमानपत्र धरलं. पहिल्या नळीतून अक्षरं लख्ख वाचता येत होती. पाणी लाल झालेलं, पण काचेसारखं पारदर्शक. तांबड्या पेशी पाणी पिऊन फुगल्या, फुटल्या आणि आतला रंग बाहेर सांडला. दुसरीतून काहीच दिसत नव्हतं, कारण पेशी शाबूत होत्या आणि उजेड अडवत होत्या. तासाभरानं त्या तळाशी बसल्या आणि वर स्वच्छ पाणी राहिलं. तिसरी नळी आधी दुसरीसारखीच गढूळ. मुली म्हणाल्या, म्हणजे दोन्ही सारखंच. लॅबवाला म्हणाला, थांबा, चहा पिऊन या. आलो तर तिसऱ्या नळीत पेशींच्या गुठळ्या दिसत होत्या, आणि पुढे वरच्या पाण्यालाही लाली चढायला लागली. साखर हळूहळू पेशींच्या आत शिरत होती आणि तिच्या मागोमाग पाणीही. रक्त चढवायच्या नळीत डेक्स्ट्रोज चालत नाही, आधी नॉर्मल सलाईननं नळी धुवून घ्यायची, हा वॉर्डातला नियम याच तिसऱ्या नळीतून आलेला आहे.

०.९ हा आकडाही तांबड्या पेशींनीच ठरवून दिलेला. १८३२ मध्ये स्कॉटलंडात लीथ गावी थॉमस लाट्टा नावाच्या डॉक्टरनं कॉलऱ्याच्या रोग्यांच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं, काही मरणाच्या दारातली माणसं उठून बसली. पण त्याचं पाणी रक्ताच्या मानानं बरंच फिकं होतं. किती मीठ घातलं म्हणजे पेशी ना फुगते ना आकसते, हे त्या शतकाच्या अखेरीला हॅम्बर्गर या डच शास्त्रज्ञानं रक्तपेशींवर प्रयोग करून शोधलं. अशा द्रावणाला आयसोटॉनिक म्हणतात. रक्ताचा दाटपणा मोजायच्या मापात साधारण २८५, नॉर्मल सलाईनचा ३०८ आणि ५ टक्के डेक्स्ट्रोजचा २७८ च्या आसपास. तिघंही शेजारशेजारचे. म्हणून बाटलीत असेपर्यंत दोन्ही आयसोटॉनिकच, आणि हाताची शीरही दोन्ही बाटल्या सारख्याच सुखानं घेते.

वेगळेपण पुढे सुरू होतं, शिरेतून आत गेल्यावर. पेशीच्या भिंतीतून पाणी मोकळेपणी येतं-जातं. ते कुठं थांबणार हे त्याच्याबरोबर काय विरघळलंय यावर ठरतं. मिठातलं सोडियम पेशीत शिरलं तरी पेशी ते पंपासारखं उपसून बाहेर टाकते. त्यामुळे सोडियम बाहेरच राहतं आणि आपल्या वाट्याचं पाणीही बाहेरच धरून ठेवतं. साखरेचं तसं नाही. इन्शुलिन आहे तोवर पेशी ती आत ओढते आणि जाळून टाकते. साखर संपली की मागं उरतं ते नुसतं पाणी. जे पाणी सरळ सोडलं असतं तर शिरेतच पेशी फुटल्या असत्या, ते साखरेच्या सोबतीनं बिनबोभाट आत आलेलं असतं. म्हणजे बाटलीत आयसोटॉनिक आणि अंगात हायपोटॉनिक. लेबलवर छापलेला आकडा खोटा नाही, पण तो बाटलीपुरता आहे.

किती पाणी कुठं जातं याचा हिशेब आमच्या डॉक्टरांनी मला एकदा गॅस्ट्रोच्या दिवसांत करून दाखवला होता. पंचेचाळीस किलोची बाई धरा. तिच्या अंगात साधारण २२ लिटर पाणी. त्यातलं दोन तृतीयांश पेशींच्या आत, एक तृतीयांश बाहेर. बाहेरच्यातलं तीन चतुर्थांश पेशींच्या आजूबाजूच्या फटींत आणि फक्त एक चतुर्थांश रक्तवाहिन्यांत. आता अर्ध्या लिटरची डेक्स्ट्रोजची बाटली संपली आणि साखर जळून गेली, की ते पाणी सगळीकडे याच प्रमाणात वाटलं जातं: ३३० मिली पेशींत, १७० बाहेर, आणि त्यातलं रक्तात राहतं जेमतेम चाळीस मिली. तीच बाटली नॉर्मल सलाईनची असेल तर पाचशेच्या पाचशे पेशींबाहेर, आणि रक्तात सव्वाशे मिली. म्हणून जुलाबानं बीपी ८० वर आलेल्या पोराला डॉक्टर डेक्स्ट्रोज लावत नाहीत. नाडी भरायला पाणी रक्तात हवं, आणि डेक्स्ट्रोजचं पाणी तिथं थांबतच नाही. अशा वेळी नॉर्मल सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट, आणि तेही क्लँप पूर्ण उघडून.

हे सगळं एका ठिकाणी दिसलं ते एका पेशंटमध्ये. एप्रिलची अखेर होती. साठीतली बाई, वजन पंचेचाळीसच्या आसपास, वावरात पऱ्हाट्या उपटायच्या कामाला जाणारी. दोन दिवस उलट्या-जुलाब. उन्हामुळं घशाला कोरड, म्हणून माठातलं पाणी घटाघटा प्यायलेलं. जेवण नाही. गावात घरीच बाटल्या लावल्या होत्या. त्यानं जुलाब थांबले, पण दुसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं, मग ती असंबद्ध बोलायला लागली, आणि पहाटे झटका आला. मुलगा जीपमधून घेऊन आला तो "मायला लकवा झाला" असंच म्हणत.

लकवा नव्हता. दोन्ही हात-पाय चिमटा काढला की सारखे हलत होते, तोंड वाकडं नव्हतं. ताप नव्हता, मान ताठ नव्हती. झटका आला की आम्ही पहिल्यांदा साखर बघतो. ती १४० होती. जुलाबाच्या पेशंटची जीभ कोरडी असते, हिची ओली होती. बीपी ११० आणि नाडीही भरलेली. म्हणजे पाणी कमी पडलेलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, बाटल्या कुठल्या लावल्या? मुलानं कॅरीबॅग पुढं केली. रिकाम्या बाटल्या त्यानं जपून आणल्या होत्या, औषधाचा हिशेब द्यायला. मी एकेक लेबल वाचलं. पाचही डेक्स्ट्रोज ५ टक्के. बीपीची गोळी चालू होती, तिचं पाकीटही त्यातच होतं. तिच्यात लघवीवाटे मीठ बाहेर काढणारं क्लोरथॅलिडोन होतं.

सोडियमचा रिपोर्ट आला ११६. नॉर्मल १३५ ते १४५.

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे आकडेमोड केली. जुलाबात आणि गोळीनं थोडं मीठ आधीच गेलेलं, म्हणून सुरुवात १३० धरली. २२ लिटर पाणी गुणिले १३०, म्हणजे २८६०. त्यात पाच बाटल्यांचं, म्हणजे अडीच लिटर, बिनमिठाचं पाणी घातलं तर तेच सोडियम साडेचोवीस लिटरांत पसरलं. २८६० भागिले साडेचोवीस: ११६.७. कागदावरचा आणि लॅबचा आकडा एवढा जवळ येणं हा थोडा योगायोगच, कारण माठातलं पाणी आणि गेलेली लघवी यांचा हिशेब त्यात धरलेला नाही. पण दिशा स्पष्ट होती.

तुम्ही म्हणाल, जास्तीचं पाणी लघवीतून निघून जायला हवं होतं. निरोगी माणसात जातंच. तुम्ही-आम्ही लिटरभर पाणी प्यायलो तर दोन-तीन तासांत बाहेर पडतं. पण उलट्या, मळमळ, वेदना, अंगातलं पाणी कमी झाल्याची जाणीव यांतलं काहीही असलं की मेंदू एक संप्रेरक सोडतो आणि मूत्रपिंडाला पाणी अडवायला लावतो. हिच्यात हे सगळं एकदम होतं, आणि वर ती गोळी. नळ वरून चालू आणि मोरी बंद, अशा अवस्थेत बिनमिठाचं पाणी आत येत राहिलं. रक्त फिकं झालं आणि पाणी पेशींत शिरलं. हातापायाच्या पेशी फुगल्या तर कळतही नाही. कवटीत मेंदूला फुगायला जागा नसते. आधी डोकेदुखी आणि मळमळ, मग बरळणं, मग झटका, आणि त्यापुढे श्वास बंद. हा क्रम ओळखता आला पाहिजे, कारण सुरुवातीची मळमळ जुलाबाच्या आजाराचीच वाटते आणि तिच्यावर आणखी एक बाटली लागते.

उपाय उलट्या दिशेचा. ३ टक्के सलाईन, १०० मिलीची छोटी बाटली. तेवढ्याशा पाण्यात तीन ग्रॅम मीठ. हे हायपरटॉनिक, रक्तात गेलं की फुगलेल्या पेशींतून पाणी बाहेर ओढून घेतं. मोठी बरी शीर शोधून ती दहा मिनिटांत सोडली आणि बीपीचा पट्टा दुसऱ्या हाताला बांधला. बाटलीत सोडियम ५१ मिलिमोल, ते २२ लिटरांत वाटलं तर दोन-सव्वादोननं आकडा वर जातो. ऐकायला काहीच नाही. पण झटका थांबवायला चार-सहाची चढ पुरते. दुसरी छोटी बाटली संपता संपता बाईनं हाकेला डोळे उघडले. सोडियम १२०. डॉक्टरांनी तिसरी बाटली लावू दिली नाही.

हे थांबणं नातेवाइकांना समजत नाही, आणि खरं तर नव्या सिस्टरांनाही लवकर समजत नाही. औषध लागू पडतंय तर आणखी का नाही? कारण मेंदूच्या पेशी दोन दिवस फिक्या रक्तात राहिल्या की त्या आपली सोय करून घेतात. आतले क्षार आणि इतर घटक बाहेर टाकून फुगवटा कमी करतात. आता बाहेरचं रक्त एकदम खारं केलं, तर आधीच हलक्या झालेल्या पेशी आकसतात आणि मज्जातंतूंवरचं आवरण खराब होतं. ते लगेच दिसत नाही. पेशंट शुद्धीवर येतो, बोलतो, सगळे खूश होतात, आणि काही दिवसांनी जीभ जड पडते, गिळता येत नाही, हातपाय जखडतात. म्हणून चोवीस तासांत आठपेक्षा जास्त चढू द्यायचं नाही, असा बेत. ११६ अधिक ८, म्हणजे १२४. मी तो आकडा तिच्या चार्टवर लाल पेनानं लिहून ठेवला.

दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. शिरेतली नळी नुसती बंद करून ठेवली होती. मळमळ थांबली, बाईनं मुलाला ओळखलं. आणि संध्याकाळी लघवीची पिशवी भरायला लागली. सकाळची लघवी गडद आणि थोडी होती. आता पाण्यासारखी पांढरी, तासाला तीनशे मिली. मुलगा म्हणाला, लघवी मोकळी झाली, बरं झालं. मला ते बरं वाटेना. मळमळ गेली, गोळी बंद झाली, म्हणजे मेंदूनं पाणी अडवायचा हुकूम मागे घेतला होता आणि मूत्रपिंड साठलेलं पाणी भराभर बाहेर टाकत होतं. आम्ही काही न देताच सोडियम वर चाललं होतं. रक्त लॅबला पाठवलं: १२३. रात्री पुन्हा: १२६. मर्यादा ओलांडली होती आणि पहिला दिवस अजून संपायचा होता.

डॉक्टरांनी परभणीच्या फिजिशियनना फोन लावला, दोन मिनिटं बोलले आणि मला म्हणाले, "सिस्टर, डेक्स्ट्रोज पाच टक्के लावा."

मुलगा दारातच उभा होता. त्यानं बाटली पाहिली, लेबल आता त्यालाही ओळखू यायला लागलं होतं. "शिस्टर, हीच बाटली लावून मायला झटका आला म्हणलात सकाळी. आन् आता तीच कामून लावायलात?"

त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. मी त्याला म्हटलं, "तवा अंगात पाणी लई झालतं भाऊ, ते मेंदूत शिरलतं. आता ते एकदम निघायलंय. हळूहळू निघावं म्हणून थोडं परत द्यायचं." त्याला पूर्ण पटलं असं नाही. पण तो स्टँडजवळ स्टूल घेऊन बसला आणि मी लघवी मोजायला आले की आकडा आपणहून सांगायला लागला.

आम्हाला इथं डेक्स्ट्रोज हवं होतं ते नेमकं त्याच गुणासाठी ज्यानं घरी घात केला: साखर जळून जाते आणि बिनमिठाचं पाणी उरतं. फक्त या वेळी ते मोजून जात होतं. आमच्या सेटमधून २० थेंबांचा एक मिली होतो. तासाला तीनशे मिली म्हणजे मिनिटाला शंभर थेंब. एवढं दिलं तर लघवीतून जाणारं पाणी भरून निघतं आणि आकडा जागेवर थांबतो. १२६ वरून १२४ वर आणायचं तर त्याहून साडेतीनशे मिली जास्त लागतं. ते पुढच्या चार-पाच तासांत विभागून दिलं. एवढ्या वेगानं साखर जाताना ग्लुकोमीटरनं दर दोन तासांनी बघावं लागतं, कारण पेशींना झेपेल त्याहून जास्त साखर आली तर ती लघवीत उतरते आणि जाताना आणखी पाणी घेऊन जाते. पहाटे सोडियम १२४. लघवीचा जोर ओसरला होता, बाटली काढली. पुढचे दिवस रोज थोडं थोडं चढत गेलं. सुट्टीच्या दिवशी १३३ होतं, बाई स्वतः चालत रिक्षापर्यंत गेली. क्लोरथॅलिडोनची गोळी बंद करून डॉक्टरांनी दुसरी दिली.

या केसमध्ये एक गोष्ट सोपी होती: बाईला मधुमेह नव्हता. असता तर सगळं चित्र बदललं असतं. इन्शुलिन अपुरं असेल तर साखर पेशीत जातच नाही, बाहेरच साठते, आणि मग तीच साखर मिठासारखी वागते. पेशींतलं पाणी बाहेर ओढते. चारशे-पाचशे साखर असलेल्या पेशंटचं सोडियम कमी येतं ते या बाहेर आलेल्या पाण्यानं पातळ होऊन. साखर शंभरानं वाढली की सोडियम साधारण दीडनं खाली दिसतं. त्याला सोडियम कमी म्हणून खारं पाणी द्यायचं नसतं, साखर उतरवायची असते. म्हणजे तीच डेक्स्ट्रोजची बाटली धडधाकट माणसाच्या पेशी फुगवते आणि साखर न पेलणाऱ्याच्या पेशी सुकवते. डीएनएस म्हणून तिसरी बाटली येते, मीठही आणि साखरही. तिच्यावर आमच्याकडं लोकांचा आणि काही डॉक्टरांचाही फार जीव, दोन्हींचे फायदे एकात म्हणून. तिच्यातली साखर जळली की खाली नॉर्मल सलाईनच उरतं. एवढाच तिचा हिशेब, आणि मधुमेह्याला तीही नको.

साध्या बाटलीलाही मी निर्दोष म्हणणार नाही. प्रौढ माणसानं दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि नॉर्मल सलाईनच्या एका बाटलीत साडेचार ग्रॅम आहे. थकवा आला म्हणून कुणी चार बाटल्या लावून घेतल्या की अठरा ग्रॅम मीठ अंगात गेलं. तरुण मूत्रपिंड ते काढून टाकतं. हृदय कमजोर असलेल्या म्हाताऱ्याच्या अंगात ते पाण्यासकट राहतं, आणि ते पेशींत जात नसल्यानं फटींत साठतं. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडतो. त्याच्या आधी रात्रीच एक खूण दिसते: पेशंट उशीवरून उठून बसतो, म्हणतो, आडवं झालं की दम लागतो. त्या वेळी क्लँप बंद करायचा आणि मग डॉक्टरांना बोलवायचं, उलट्या क्रमानं नाही.

त्या बाईला सुट्टी देताना ओआरएसची पाकिटं दिली. घरच्यांना वाटलं हेही गुलकोजच, तोंडानं घ्यायचं. त्यातली साखर वेगळं काम करते. आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आत जाताना सोडियमला सोबत घेऊन जातं आणि दोघांच्या मागे पाणी जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट बंद होत नाही. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून पाजलं आणि शेकड्यात तीसच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण चारच्या आत आणलं. आताच्या पाकिटात सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५ असं समसमान ठेवलेलं असतं, आणि सगळं मिळून दाटपणा २४५, म्हणजे रक्ताहून थोडा फिका. तो आकडा फक्त लिटरभर पाण्यात खरा ठरतो. सगळं पाकीट एका पेल्यात ओतलं तर दाटपणा बाराशेच्या घरात जातो, आतडं उलट अंगातलं पाणी आपल्याकडं ओढतं आणि जुलाब वाढतात. आमच्याकडं पाकीट पेल्यात टाकणारे निम्मे असतील.

म्हणून मी सुनेला विचारलं, लिटर कशानं मोजाल? ती म्हणाली, "तांब्या हाय की." तो सोबतच होता. नळाखाली मापून पाहिला तर पाऊण लिटरचा निघाला. तांब्याभर आणि वर एक पेला पाणी, त्यात एक पाकीट, असं ठरवून ते पाठवले.